कंसातल्या सालाबद्दल माझी तक्रार आहे

एम.एड.च्या असाइनमेंट तपासताना माझा वेळ विषयापेक्षा कंसांमध्ये जास्त जातो, आणि याबद्दल मला मनापासून तक्रार करायची आहे. मजकुरात एक कंस येतो, त्यात आडनाव आणि साल असतं. ते आडनाव घेऊन वाचणाऱ्यानं शेवटच्या पानावरच्या संदर्भसूचीत जायचं, तिथे लेखाचं नाव, नियतकालिक, खंड आणि पानं बघायची आणि हवं तर मूळ लेख काढून वाचायचा, एवढ्यासाठी तो कंस असतो. आमच्याकडे येणाऱ्या बऱ्याच असाइनमेंटमध्ये हा रस्ता मधेच तुटतो. कंसातलं आडनाव सूचीत सापडत नाही, सापडलं तर साल वेगळं निघतं, आणि साल जुळलं तर सूचीतला लेख भलत्याच विषयावरचा असतो. चूक स्वल्पविरामाएवढी दिसते, पण तिच्यामुळे मला मूळ लेखापर्यंत पोचताच येत नाही, आणि विद्यार्थ्यानं तो वाचला होता की नाही हेही कळत नाही.

एक पान जवळून दाखवते. विषय होता आकारिक मूल्यमापनातलं प्रत्याभरण. या विषयावर लिहिणारा जवळजवळ प्रत्येक विद्यार्थी एका लेखाचा आधार घेतो आणि ते योग्यच आहे. जॉन हॅटी आणि हेलन टिंपर्ली यांचा हा लेख २००७ साली ‘रिव्ह्यू ऑफ एज्युकेशनल रिसर्च’ या नियतकालिकात आला. त्या पानावर पहिल्या परिच्छेदात ‘हॅटी आणि टिंपर्ली (२००७)’ असं होतं. दुसऱ्यात ‘(टिंपर्ली, २००७)’, तिसऱ्यात ‘(जॉन हॅटी २००७, पृ. ८१-११२)’ आणि चौथ्यात ‘(हॅटी व इतर, २००७)’. चारही ठिकाणी लेख तोच. पण ज्यानं तो वाचलेला नाही त्याला हे चार वेगवेगळे संशोधक वाटतील, आणि चौघांनी स्वतंत्रपणे एकच निष्कर्ष काढला असंही वाटेल. एका पुराव्याचे चार पुरावे झाले, आणि ते फक्त कंस एकसारखे न लिहिल्यामुळे.

यातला ‘व इतर’ मला सर्वांत जास्त खुपतो. दोन लेखक असतील तर दोघांचीही आडनावं प्रत्येक वेळी लिहायची असतात. तीन किंवा त्याहून अधिक असतील तरच पहिलं आडनाव आणि पुढे ‘व इतर’. हेलन टिंपर्ली त्या लेखाच्या बरोबरीच्या लेखिका आहेत. त्यांना ‘इतर’ करून टाकण्याचं काहीच कारण नाही. तिसऱ्या कंसातले ‘पृ. ८१-११२’ म्हणजे तो आख्खा लेख. एका विधानासाठी बत्तीस पानं दाखवणं म्हणजे काहीच न दाखवणं. पान सांगायचं तर ज्या पानावर ते विधान आहे ते सांगावं.

हे असं का होतं, तेही मला ठाऊक आहे, कारण विद्यार्थी समोर बसवून मी त्यांना विचारते. सूचीतली प्रत्येक नोंद वेगळ्या ठिकाणाहून उचललेली असते. एक नियतकालिकाच्या संकेतस्थळावरून, एक शोधगंगेवरच्या कुणाच्या तरी प्रबंधाच्या सूचीतून, एक सीनियरच्या फाइलमधून आणि बाकीच्या गूगल स्कॉलरवरून. स्कॉलरवर लेखाखालचं अवतरणचिन्ह दाबलं की त्याच लेखाची नोंद एकाखाली एक पाच पद्धतींत समोर येते: एमएलए, एपीए, शिकागो, हार्वर्ड, व्हँकुव्हर. पहिली ओळ एमएलएची असते. घाईत असलेला माणूस पहिलीच ओळ कॉपी करतो. म्हणून आमच्या एपीए पद्धतीच्या असाइनमेंटमध्ये अशा नोंदी येतात:

```
Hattie, John, and Helen Timperley. "The power of feedback." Review of educational research 77.1 (2007): 81-112.
```

एपीएत तीच नोंद अशी हवी:

```
Hattie, J., & Timperley, H. (2007). The power of feedback. Review of Educational Research, 77(1), 81–112. https://doi.org/10.3102/003465430298487
```

(इथे नियतकालिकाचं नाव आणि 77 हा खंड तिरक्या अक्षरांत येतो. कंसातला अंक सरळ राहतो.) विद्यार्थी म्हणतात, दोन्हींत माहिती तीच आहे, मग बिघडलं काय? बिघडतं ते सालाच्या जागेमुळे. एपीएत मजकुरातल्या कंसात आडनाव आणि साल असतं, म्हणून सूचीतही साल आडनावांच्या लगेच मागे येतं. वाचणाऱ्याची नजर सूचीच्या डाव्या कडेनं खाली उतरते आणि नाव-साल अशी जोडी तिला तिथेच मिळते. एमएलएच्या कंसात आडनाव आणि पान असतं, साल नसतंच, त्यामुळे सूचीत ते मागे, पानांच्या जवळ गेलं तरी चालतं. म्हणजे प्रत्येक पद्धतीचा कंस आणि तिची सूची एकमेकांसाठी बनवलेली असते. कंस एकीचा आणि सूची दुसरीची घेतली की कुलूप एका घराचं आणि किल्ली दुसऱ्या घराची, असा प्रकार होतो. स्कॉलरच्या नोंदीत डीओआयही नसतो. तो लेखाच्या पहिल्या पानावरून किंवा प्रकाशकाच्या पानावरून स्वतः घ्यावा लागतो. नियतकालिकाची संकेतस्थळं बदलतात, पत्ते मोडतात, पण डीओआयवरून लेख सापडतो. म्हणून तो गाळलेला मला चालत नाही.

आता तक्रारीचा दुसरा भाग, आणि तो विद्यार्थ्यांविरुद्ध नाही. असाइनमेंटच्या सूचनापत्रावर ‘संदर्भ एपीए पद्धतीनुसार द्यावेत’ एवढं एकच वाक्य असतं. कोणती आवृत्ती, ते नसतं. सातवी आवृत्ती २०१९च्या ऑक्टोबरमध्ये आली. तिच्याआधीच्या सहाव्या आवृत्तीत पुस्तकाच्या प्रकाशकाबरोबर शहराचं नाव द्यावं लागायचं, सातवीनं ते काढून टाकलं. सहावीत तीन ते पाच लेखक असतील तर पहिल्या वेळी सगळी आडनावं लिहायची होती, सातवीत पहिल्या वेळेपासून ‘व इतर’ चालतं. ग्रंथालयातलं संशोधनपद्धतीचं पुस्तक जुन्या आवृत्तीचं, शिक्षकांनी वाटलेली झेरॉक्स त्याहून जुनी, आणि स्कॉलर आपलं तिसरंच काहीतरी दाखवतं. अशा वेळी मुलीनं अर्ध्या पुस्तकांना ‘पुणे:’ लिहिलं आणि अर्ध्यांना नाही लिहिलं, तर त्याचे गुण मी कोणत्या तोंडानं कापू? माझं म्हणणं एवढंच की सूचनापत्राच्या मागच्या कोऱ्या बाजूवर चार नमुने छापावेत. नियतकालिकातला लेख, पुस्तक, संपादित पुस्तकातलं प्रकरण आणि सरकारी दस्तऐवज. आमच्या विषयातल्या बहुतेक नोंदी या चारांतच बसतात.

सरकारी दस्तऐवजाबद्दल थोडं थांबून सांगायला हवं, कारण शिक्षणशास्त्रात तो टाळता येत नाही आणि सर्वाधिक विसंगती तिथेच होते. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० घ्या. एकाच असाइनमेंटमध्ये ते कधी ‘एनईपी, २०२०’, कधी ‘भारत सरकार, २०२०’, कधी ‘शिक्षण मंत्रालय, २०२०’ आणि कधी ‘एमएचआरडी, २०२०’ म्हणून येतं. हा गोंधळ विद्यार्थ्यांनी तयार केलेला नाही. २९ जुलै २०२० रोजी धोरणाला मंजुरी मिळाली आणि त्याच वेळी मनुष्यबळ विकास मंत्रालयाचं नाव बदलून शिक्षण मंत्रालय झालं. दस्तऐवजाच्या मुखपृष्ठावर मात्र मनुष्यबळ विकास मंत्रालय असंच आहे. एपीएचा कल असा की लेखक म्हणून दस्तऐवजावर जे नाव छापलेलं असेल तेच घ्यावं. म्हणून मी ‘मनुष्यबळ विकास मंत्रालय, २०२०’ लिहायला सांगते, आणि तेच शेवटपर्यंत. धोरणाचं लघुरूप वापरायचं असेल तर मजकुरात ते धोरणाचं नाव म्हणून खुशाल वापरावं. कंसात लेखक म्हणून वापरू नये.

मराठीत लिहिणाऱ्यांना आणखी एक अडचण येते. सूचीत मराठी आणि इंग्रजी संदर्भ मिसळलेले असतात, मग क्रम कसा लावायचा? एपीएचं पुस्तक इंग्रजी लिहिणाऱ्यांसाठी आहे, मराठी असाइनमेंटचा निर्णय विभागानंच घ्यायला हवा. मला सोपं वाटतं ते असं: मराठी संदर्भ आधी, अकारविल्हे, आणि त्यांच्याखाली इंग्रजी संदर्भ, आल्फाबेटनं. आडनाव आधी. ‘डॉ.’ आणि ‘प्रा.’ काढून टाकायचे, नाहीतर अर्धी सूची ‘ड’मध्ये आणि अर्धी ‘प’मध्ये जमते. मजकुरातही मूळ लेख इंग्रजी असला तरी आडनाव देवनागरीत लिहायचं की रोमनमध्ये, हे पहिल्या पानावर ठरवावं आणि शेवटच्या पानापर्यंत बदलू नये. इथे एकच बरोबर उत्तर नाही. मधेच उत्तर बदलणं मात्र नक्की चूक आहे.

कंस आणि सूचीबद्दल एवढं पुरे. यापेक्षा अवघड गोष्ट वाक्यांच्या आत असते.

प्रत्याभरणावरच्या त्याच असाइनमेंटमध्ये पुढे हे वाक्य होतं: ‘प्रत्याभरण हा अध्ययन व संपादणूक यांवर परिणाम करणाऱ्या अत्यंत प्रभावी घटकांपैकी एक असून हा परिणाम सकारात्मक किंवा नकारात्मक असू शकतो.’ ज्यानं हॅटी-टिंपर्लींच्या लेखाचा गोषवारा वाचलाय त्याला लगेच कळेल की तिथलं पहिलं वाक्य इथे मराठीत आलंय. तेच दोन भाग, त्याच क्रमानं, तोच सांधा. मागोमाग आणखी तीन वाक्यं तशीच होती आणि चौथ्याच्या शेवटी एकदा कंस. मी विचारलं तेव्हा विद्यार्थिनीनं प्रामाणिकपणे सांगितलं, ‘मॅडम, भाषांतर मी स्वतः केलंय. म्हणजे शब्द माझेच झाले ना?’

तिचं बोलणं पूर्ण चूक नव्हतं, म्हणून ते नीट सोडवायला हवं. एपीएच्या सातव्या आवृत्तीत स्वतः केलेलं भाषांतर अवतरण धरत नाहीत, पुनर्लेखन धरतात. त्यामुळे त्याला अवतरणचिन्हं लागत नाहीत. पण श्रेय द्यावंच लागतं. अडचण अशी की चार भाषांतरित वाक्यांना शेवटी एक कंस लावला की पहिली तीन वाक्यं तिची स्वतःची म्हणून वाचली जातात. हेतू चोरीचा नसतो, तरी निकाल तोच लागतो. आणि दुसरी गोष्ट, वाक्यामागून वाक्य मराठीत आणलं की तिला तो लेख समजला की नाही, हे मला त्या परिच्छेदातून कळतच नाही. असाइनमेंट मी वाचते ती त्यासाठी.

मूळ मराठी असतं तेव्हा हाच प्रकार वेगळं रूप घेतो. शोधगंगेवरच्या मराठी प्रबंधातला परिच्छेद घ्यायचा आणि शब्द बदलायचे. ‘महत्त्वपूर्ण’चं ‘महत्त्वाचं’, ‘दिसून येते’चं ‘आढळते’, आणि ‘प्रत्याभरण’चं एका वाक्यात ‘प्रतिपोषण’ तर दुसऱ्यात ‘अभिप्राय’. अमेरिकेत लेखन शिकवणाऱ्या रिबेका मूर हॉवर्ड यांनी १९९०च्या दशकात या पद्धतीला ‘पॅचरायटिंग’ म्हटलं: मूळ मजकुरातले काही शब्द गाळायचे, व्याकरण थोडं हलवायचं, समानार्थी शब्द पेरायचे. त्यांचं म्हणणं असं की नवशिका एखाद्या विषयाची भाषा शिकताना या पायरीवर येतोच, त्याला लगेच गुन्हेगार ठरवू नये. मला हे पटतं. पण ती पायरी आहे, मुक्कामाची जागा नव्हे, आणि एम.एड.च्या दुसऱ्या वर्षापर्यंत ती मागे पडायला हवी. शिवाय शब्द बदलण्याच्या नादात पारिभाषिक संज्ञाच बदलल्या जातात, हे नुकसान वेगळं. ‘स्वयंनियमन’ ही त्या लेखातली संज्ञा आहे. तिच्याजागी ‘आत्मसंयम’ घातलं की अर्थच हलतो. संज्ञा तशाच ठेवाव्यात, त्यांवर कुणाची मालकी नसते. बदलायचं असतं ते वाक्य आणि त्यामागचा विचार मांडण्याचा क्रम.

ही चूक लिहिताना झालेली नसतेच. ती टिपणं काढताना झालेली असते. विद्यार्थी लेख उघडतात, आवडलेला परिच्छेद कॉपी करून वर्डच्या फाइलमध्ये टाकतात, ‘नंतर बदलू’ म्हणतात. दोन आठवड्यांनी ती फाइल उघडली की कोणतं वाक्य लेखकाचं आणि कोणतं आपलं हे त्यांनाही सांगता येत नाही. तिथून पुढे कितीही सावधपणे लिहिलं तरी उपयोग नाही. म्हणून मी टिपणांच्या वहीत तीन खुणा करायला लावते. जसंच्या तसं उतरवलं तर अवतरणचिन्हं आणि पान. आपल्या शब्दांत लिहिलं तर चिन्हं नकोत, पण पान हवंच. आणि स्वतःला सुचलेलं असेल तर समोर ‘मी’. ही तिसरी खूण सगळे विसरतात, आणि असाइनमेंटमध्ये खरं मोल तिचंच असतं.

पुनर्लेखन कसं व्हावं ते त्याच लेखावर करून दाखवते. लेखात प्रत्याभरणाच्या चार पातळ्यांवर एक भाग आहे. तो पूर्ण वाचायचा, मग लेख बंद करायचा. शेजारी बसलेल्या सहकाऱ्याला सांगावं तसं त्यात काय आहे ते लिहायचं. मग लेख पुन्हा उघडून दोन गोष्टी ताडायच्या: अर्थ बदलला नाही ना, आणि नकळत एखादं वाक्य त्यांच्याच चालीत उतरलं नाही ना. त्यातून साधारण असं येईल:

‘हॅटी आणि टिंपर्ली (२००७) यांच्या मांडणीत शिक्षकाचं प्रत्याभरण चार गोष्टींबद्दल असू शकतं: दिलेलं काम, ते करण्याची प्रक्रिया, विद्यार्थ्याचं स्वयंनियमन किंवा विद्यार्थी ही व्यक्ती. शेवटच्या प्रकारात येणारी नुसती स्तुती शिकण्याला फारसा हातभार लावत नाही, असं ते दाखवतात. माझ्या सराव पाठातलं एक उदाहरण या चौकटीत बघता येईल. सहावीतल्या एका मुलानं अर्धा अधिक एक तृतीयांश म्हणजे दोन पंचमांश असं उत्तर लिहिलं. त्यावर “उत्तर चूक” हा शेरा कामाबद्दलचा झाला. “छेद समान करायचे राहिले” हा प्रक्रियेबद्दलचा. “तुझं उत्तर अर्ध्याहूनही कमी आलंय, असं होऊ शकेल का ते ताडून बघ” हा स्वयंनियमनाकडे नेणारा. आणि “हुशार आहेस, पुन्हा कर” हा व्यक्तीबद्दलचा.’

या परिच्छेदात कंस एकच आहे आणि तो सुरुवातीलाच वाक्यात विणलेला आहे. दुसऱ्या वाक्यातल्या ‘असं ते दाखवतात’मुळे कळतं की अजून लेखकांचंच चाललंय. ‘माझ्या सराव पाठातलं’ म्हटल्यावर कळतं की इथून विद्यार्थिनीचं स्वतःचं सुरू झालं. हे शिवणकाम परिच्छेदाच्या टोकाला टांगलेल्या कंसानं होत नाही. आणि अपूर्णांकाचं उदाहरण हॅटींच्या लेखात कुठेच नाही. ते विद्यार्थिनीला सुचलं, तर चार पातळ्यांतला फरक तिला कळला असं मी धरते. मला साम्य-अहवालातल्या टक्केवारीपेक्षा हे हवं आहे.

आता एक चूक अशी, जी वरकरणी विद्वत्तेसारखी दिसते. हॅटी आणि टिंपर्ली आपल्या लेखात अव्राहम क्लुगर आणि अँजेलो डीनिसी यांच्या १९९६ सालच्या ‘सायकॉलॉजिकल बुलेटिन’मधल्या अभ्यासाची चर्चा करतात. त्यातला निष्कर्ष लक्षवेधी आहे: एक तृतीयांशाहून अधिक वेळा प्रत्याभरणानंतर कामगिरी खालावली होती. विद्यार्थी तो निष्कर्ष २००७च्या लेखातून घेतात आणि कंसात मात्र ‘(क्लुगर आणि डीनिसी, १९९६)’ असं थेट लिहितात. सूचीतही १९९६ची नोंद येते, खंड आणि पानांसह, कारण तीही २००७च्या लेखाच्या मागे तयार मिळते. म्हणजे न उघडलेला लेख वाचल्याचा दावा होतो.

मला हे कसं कळतं? पुढच्या वाक्यावरून. तिथे बहुतेक वेळा लिहिलेलं असतं की ‘शालेय वर्गांतील एक तृतीयांश प्रत्याभरण घातक ठरते’. क्लुगर आणि डीनिसी यांनी एकत्र केलेले अनेक अभ्यास वर्गातले नव्हतेच, आणि ही गोष्ट हॅटी-टिंपर्लीही नोंदवतात. १९९६चा लेख ज्यानं उघडलाय तो ‘शालेय वर्गांतील’ असं लिहिणार नाही. आणि २००७चा लेख ज्यानं लक्ष देऊन वाचलाय तोही लिहिणार नाही. मूळ लेख मिळत नसेल तर कंसात सरळ ‘(क्लुगर आणि डीनिसी, १९९६, उद्धृत: हॅटी आणि टिंपर्ली, २००७)’ असं लिहावं, आणि सूचीत फक्त २००७ची नोंद द्यावी, कारण हातात असलेला लेख तोच आहे. यात कमीपणा काही नाही. विद्यार्थ्यांना वाटतं ‘उद्धृत’ लिहिलं की गुण जातील. माझ्याकडे जात नाहीत. पण प्रत्येक दुसऱ्या ओळीत ‘उद्धृत’ येऊ लागलं तर मी विचारते की दुय्यम लेख एकच वाचलाय का.

शेवटची तक्रार टक्क्यांबद्दल आहे. गेली काही वर्षं प्रत्येक असाइनमेंटला साम्य-अहवाल जोडायचा आग्रह सुरू झालाय, आणि ‘दहा टक्क्यांच्या आत’ हा परवलीचा शब्द झालाय. हा आकडा विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८च्या विनियमांतून आलाय. त्यांत दहा टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही. त्यापुढे चाळीस टक्क्यांपर्यंत सुधारून पुन्हा सादर करायचं, त्याच्यापुढे आणखी कडक पायऱ्या आहेत. पण ते विनियम प्रबंध, लघुप्रबंध, शोधनिबंध अशा लेखनासाठी आहेत. असाइनमेंट, टर्म पेपर आणि उत्तरपत्रिका यांना त्यांच्या व्याख्येतच वगळलेलं आहे. मोजताना श्रेय देऊन घेतलेली अवतरणं, संदर्भसूची आणि अनुक्रमणिकाही धरायची नसते. आमच्याकडे मात्र नीट सूची दिलेल्या मुलीचा अहवाल सतरा टक्के येतो, कारण तिची सूची जशी असायला हवी तशीच, म्हणजे इतर शेकडो सूचींसारखी आहे, आणि ती रडवेली होऊन सूचीतल्या नोंदी बदलायला बसते. डीओआय काढून टाकते, नियतकालिकाचं नाव लघुरूपात लिहिते. टक्का खाली येतो आणि सूची निकामी होते. हे मी पाहिलंय आणि मला त्याचा राग येतो.

दुसरीकडे, हॅटींच्या लेखाची आठ पानं वाक्यामागून वाक्य मराठीत आणलेली असाइनमेंट चार टक्क्यांवर सुटते. अक्षरं जुळवणाऱ्या यंत्राला इंग्रजी वाक्य आणि त्याचं मराठी भाषांतर ही एकच गोष्ट आहे हे सहसा दिसत नाही. मराठी मजकूर जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये असेल तर त्याला मराठी अक्षरंही दिसत नाहीत, रोमन अक्षरांचा गोंधळ दिसतो आणि टक्का शून्य येतो. म्हणजे ज्या धोक्यासाठी अहवाल मागवला, नेमका तोच त्याला दिसत नाही.

म्हणून विभागाच्या बैठकीत मी दोन गोष्टी लेखी मागितल्या आहेत. पहिली, वर सांगितलेलं चार नमुन्यांचं पान, वर ‘एपीए, सातवी आवृत्ती’ असं स्पष्ट लिहून. दुसरी, साम्य-अहवालाऐवजी विद्यार्थ्यानं ज्या एका लेखावर सर्वाधिक भिस्त ठेवली असेल त्याच्या दोन-तीन पानांची प्रत असाइनमेंटच्या मागे जोडावी, आणि आपल्या कोणत्या परिच्छेदासाठी त्यातला कोणता भाग वापरला ते पेन्सिलीनं दाखवावं. दोन्ही पानं शेजारी ठेवून वाचली की भाषांतर कुठे संपतं आणि समज कुठे सुरू होते ते दिसतं. सहकाऱ्यांचा आक्षेप असा की झेरॉक्सचा खर्च विद्यार्थ्यांवर पडेल. तो मला मान्य आहे, त्यामुळे पीडीएफवर खूण करून पाठवली तरी चालेल अशी दुरुस्ती मी प्रस्तावात केली आहे.